चार मिनिटांच्या प्रियकरास

चि. शूरवीरास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मी लिहिणार नाही. ज्या मुलीला तू ते वाक्य पाठवलंस तिचंही लिहिणार नाही. ती माझी भाची. हे पत्र तिनं आधी वाचलं, दोन ठिकाणी खाडाखोड केली आणि मगच छापायला हो म्हणाली. तेव्हा मावशीनं परस्पर नाक खुपसलं, असा कांगावा करू नकोस. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, तुझ्या वयाची मुलं-मुली रोज समोर बसतात, आणि तू केलास तो प्रकार आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. म्हणून हे चारचौघांत.

आधी घटना सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना तुझ्या पराक्रमाचा अंदाज येईल. रात्री एक वाजून सतरा मिनिटांनी तू पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर तिला ‘आय लव्ह यू’ पाठवलंस. पहिल्यांदाच. एक वाजून एकवीस मिनिटांनी ते सगळ्यांसाठी डिलीट केलंस. सकाळी साडेआठला लिहिलंस, ‘गुड मॉर्निंग, रात्री चुकून दुसऱ्या ग्रुपवरचं तुला गेलं’, आणि पुढे हसरा चेहरा. चार मिनिटांत प्रेमाची कबुली देऊन ती मागेही घेतलीस. इतक्या तत्परतेनं आपल्याकडे दुसरं कुठलं काम होत असेल असं वाटत नाही. रात्री सव्वाला ‘आय लव्ह यू’ लिहायचा तुझा तो ग्रुप कुठला, हे मात्र तिला आणि मला दोघींनाही जाणून घ्यायचं आहे.

तू असं का केलंस ते मला कळतं. तू टिका बघत बसला होतास. दोन राखाडी टिका, म्हणजे मेसेज पोचला. निळ्या झाल्या नाहीत, म्हणजे तिनं वाचला नाही. चार मिनिटं निळ्या झाल्या नाहीत तेव्हा तुला वाटलं, देव पावला, अजून वेळ आहे. पण निळ्या टिका एवढंच सांगतात की समोरच्यानं तो संवाद उघडला. फोनच्या बंद पडद्यावर वरच्या वर जी ओळ चमकते, ती वाचली तरी टिका राखाडीच राहतात. तीन शब्दांचं वाक्य तिथं अख्खं मावतं. माझी भाची जागी होती. तिनं ते वाचलं. उघडलं नाही, कारण उघडलं की तुला कळेल आणि मग लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तिला दहा मिनिटं नुसतं बसायचं होतं. त्यातली चार होत नाहीत तोवर तू ते पुसून टाकलंस.

आणि पुसल्याची खूण मागे राहिली. तिथं एक मेसेज होता आणि तो काढून टाकला आहे, हे व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच लिहून ठेवतं. ही सोय 2017 साली आली तेव्हा पुसायला सात मिनिटं मिळत. 2022 पासून दोन दिवसांहून जास्त मिळतात. चुकून साहेबांच्या ग्रुपवर गेलेला फोटो किंवा भलत्या माणसाला गेलेला खात्याचा नंबर मागे घ्यायला ती फार उपयोगी आहे. तू ती वापरलीस एका माणसाला सांगितलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टीवर. काहीच न लिहिता झोपला असतास तर तिची झोप शाबूत राहिली असती. लिहून तसंच ठेवलं असतंस तर तिला उत्तर देता आलं असतं. तू दोन्ही वाटा बंद केल्यास.

तिची बाजू नीट ऐक, कारण या पत्राचं कारण तेच आहे. तू काय लिहिलंस ते तिला माहीत आहे. तिला ते माहीत आहे, हे तुला माहीत नाही. आता ती ‘हो’ म्हणू शकत नाही, कारण विचारलेलंच नाही. ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण नाकारायला समोर काही नाही. तिला सर्वांत जास्त जे म्हणायचं होतं ते ‘मला थोडा वेळ दे’, तेही म्हणता येत नाही. तू पुढे नेहमीसारखा ट्रेकचे फोटो पाठवत राहिलास आणि ती नेहमीसारखी उत्तरं देत राहिली. प्रत्येक उत्तराआधी तिला ठरवावं लागायचं की आज किती साधं वागायचं. हे काम तिच्या डोक्यावर तू टाकलंस. नकाराची भीती तुला होती. तिची किंमत मोजतेय मात्र माझी भाची.

तुझं म्हणणं मला ऐकू येतंय. समोर बोलायला जीभ उचलत नाही, लिहिलं की नीट लिहिता येतं, शिवाय समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. अ‍ॅलन डेनिस आणि टेलर वेल्स या अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही तरुणांना प्रेमाचा मजकूर ईमेलनं लिहायला सांगितला आणि काहींना तसाच मजकूर फोनवर आवाजात ठेवायला सांगितला. अपेक्षा अशी असते की आवाजात भावना जास्त उतरेल. निघालं उलट. लिहिणाऱ्यांच्या शरीरावर भावनेची खूण जास्त दिसली आणि त्यांचे शब्दही जास्त उत्कट, जास्त विचारपूर्वक निवडलेले होते. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि त्या खटपटीत तो मजकुरात गुंतत जातो.

आपल्याकडे याचा पुरावा घराघरांतल्या ट्रंकांमध्ये होता. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावानं पुस्तकरूपात आहे. तो वाचून लिखित प्रेम पातळ असतं असं कुणी म्हणू शकणार नाही. म्हणजे लिहिणं हा तुझा गुन्हा नव्हे. पण त्या पत्रांसाठी कुणीतरी बसून पानं भरली होती. एकदा पेटीत टाकलेलं पत्र परत मिळत नव्हतं, म्हणून टाकण्याआधी माणूस मनाशी ठरवत असे. तू काहीही लिहिलं नाहीस, तू तीन शब्द ढकललेस. ठरवण्याचं काम पाठवल्यानंतर सुरू केलंस, टिकांकडे बघत.

आणि त्या तीन शब्दांचंच बघ. गेल्या दिवाळीत तिनं तुला चकलीचा डबा पाठवला तेव्हा तू काय लिहिलं होतंस? ‘लव्ह यू यार’. तिनं ट्रेकचे पैसे भरले तेव्हा? ‘लव्ह यू, देवी आहेस’. हे तिनं मला दाखवलं. आता त्याच खिडकीत, त्याच अक्षरात, त्याच हिरव्या चौकटीत तू खरंखुरं वाक्य टाकलंस, तर ते खरं आहे हे तिनं कशावरून ओळखायचं? वेळेवरून? रात्री सव्वाला माणूस खरं बोलतो तसा मित्रांसोबत बसून पैजही लावतो.

जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेलं एक संशोधन 2005 साली आलं. त्यांनी माणसांना काही वाक्यं खरी आणि काही टोमण्याच्या सुरात सांगायला लावली. काहींनी ईमेलनं, काहींनी आवाजानं. आपला सूर समोरच्याला शंभरातल्या सुमारे 78 वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजात तो त्याच्या जवळपास खरा ठरला. ईमेलमध्ये वाचणाऱ्यांना सूर कळला तो सुमारे 56 वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण पन्नासदा बरोबर आलंच असतं. कारण सोपं आहे. लिहिणारा स्वतःचं वाक्य वाचताना मनात स्वतःचाच आवाज ऐकतो आणि तो आवाज अक्षरांतच आहे असं धरून चालतो. तू ‘आय लव्ह यू’ लिहिलंस तेव्हा तुझ्या कानात तुझा थरथरता आवाज होता. तिच्या पडद्यावर ‘लव्ह यू यार’चा धाकटा भाऊ उमटला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा सांगायचं ते समोर बसून सांगावं. प्रेमाला मेसेज हलका पडतो वगैरे कारणांसाठी नाही. तुमच्या दोघांच्या मेसेजांत ते शब्द आधीच मस्करीत वापरून झालेले आहेत, आणि खरं-खोटं ओळखायला तिला तुझा चेहरा लागणार आहे, म्हणून. तुलाही तिचा चेहरा लागेल. ती दचकली, खुलली की नुसती अवघडली, हे तुला त्याच क्षणी दिसेल आणि पुढचं वाक्य त्याप्रमाणे बदलता येईल. हे दिसतं म्हणूनच तू पळालास, हेही मला ठाऊक आहे.

पण समोर म्हणजे कसंही समोर नव्हे. समोर बोलण्यातही दुसऱ्याला कोंडता येतं, आणि ते मेसेजपेक्षा वाईट. तुमच्या ट्रेकच्या टोळीत मागे एकानं कळसूबाईच्या माथ्यावर, दहा जणांसमोर, एकाला व्हिडिओ काढायला लावून, गुडघ्यावर बसून विचारलं होतं म्हणे. ती मुलगी हसली आणि हो म्हणाली, कारण खाली उतरायला अजून तीन तास त्याच टोळीबरोबर काढायचे होते. खाली बारीला पोचल्यावर तिनं नाही सांगितलं. मग सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली. चालती गाडी, बोट, डोंगराचा माथा, तिचं ऑफिस, तिच्या घरच्यांची पंगत, तिचा वाढदिवस: जिथून ती उठून जाऊ शकत नाही, किंवा गेली तर तमाशा होईल, ती जागा बाद. नाशकातल्या गंगापूर रोडवरचं साधं चहाचं दुकान चांगलं. दिवसाउजेडी, आपापल्या गाड्या बाहेर, कप संपला की कुणीही उठू शकतं.

तिथं बोलवायला मेसेज जरूर कर. मेसेजचं हे खरं काम आहे. पण सोमवारी ‘तुझ्याशी फार महत्त्वाचं बोलायचंय, रविवारी भेट’ असं लिहून आठवडाभर तिच्या पोटात गोळा आणू नकोस. ‘रविवारी नाशकात येतोय, चार वाजता चहाला भेटूया का?’ एवढं पुरे. भेटल्यावर हवापाण्याच्या गप्पांत तासभर घालवू नकोस. जितका उशीर करशील तितका निघायच्या घाईत बोलशील, आणि गाडीची किल्ली हातात घेऊन बोललेलं वाक्य तिला अर्धंच ऐकू येईल. सुरुवातीलाच, तुझ्या नेहमीच्या भाषेत सांग. इंग्रजीत, मराठीत, अडखळत, कसंही. आणि त्याला जोडून लगेच दुसरं वाक्य: ‘तू आज काही बोलायला हवंस असं नाही.’

हे दुसरं वाक्य शिष्टाचाराचं नाही. जोशुआ अ‍ॅकरमन, व्लादास ग्रिस्केविशियस आणि नॉर्मन ली यांचं या विषयावरचं संशोधन 2011 साली प्रसिद्ध झालं. लोकांना विचारलं, प्रेमाची कबुली आधी कोण देतं? बहुतेकांचं उत्तर: बाई. प्रत्यक्ष जोडप्यांना विचारलं तेव्हा निघालं की आधी बोलतात ते जास्त करून पुरुष. आणि कबुली द्यावी असा विचार पुरुषांच्या मनात सरासरी 97 दिवसांनी आला होता, बायकांच्या सुमारे 139. अमेरिकेतल्या माणसांचे हे आकडे जसेच्या तसे नाशिक-पुण्याला लावू नयेत. तिकडच्या ओळखी, भेटी, सगळंच वेगळं. तरी एवढं त्यातून घ्यावं की तू जिथं पोचलास तिथं ती अजून वाटेत असू शकते, आणि वाटेत असणं म्हणजे नकार नव्हे. त्या टेबलावर लगेच उत्तर मागितलंस तर अर्ध्या वाटेवरच्या माणसाला तू ‘नाही’ म्हणायला लावशील, किंवा त्याहून वाईट, खोटं ‘हो’ म्हणायला. तिनं उत्तर नंतर लिहून पाठवलं तर चालेल, हेही सांग. तुला समोर बोलायला लावते आणि तिला मेसेजची मुभा देते, हा अन्याय वाटत असेल तर वाटू दे. गोष्ट तू सुरू करतोयस, वेळ तू निवडलीस, तयारी करून तू आलास. तिला यातलं काहीच मिळालेलं नाही.

मेसेजच योग्य ठरावा अशाही जागा आहेत. कुणी व्यापारी जहाजावर आहे आणि बंदराला लागायला महिना आहे. कुणी बोलताना अडखळतं, आणि त्याला जिभेशी झुंजण्यापेक्षा लिहिणं खरं वाटतं. दोघांपैकी एकाला ऐकू येत नाही. किंवा समोरची व्यक्ती अशी आहे की नाही म्हणायचं झालं तर तोंडावर म्हणूच शकणार नाही. तिला कागदाचं अंतर हवं. तिथं लिहा. पण पत्र लिहितो तसं लिहा. दिवसा, चार-सहा वाक्यं, त्यांत अशी एक तरी गोष्ट जी फक्त त्या माणसाबद्दलच खरी आहे, म्हणजे मस्करीची शंका उरत नाही. शेवटी उत्तराची घाई नाही, असं स्पष्ट लिहा. आणि पाठवण्याआधी स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन निळ्या टिका बंद करा. बंद केल्या की समोरच्याच्याही तुम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे रात्रभर त्यांच्याकडे बघत बसायचा प्रश्न मिटतो. अंतर असलं तरी आवाज शक्य असेल तर आधी फोन. मेसेज त्याच्यानंतरचा.

आता जी गोष्ट तुझ्या डोक्यातही आली नसेल ती सांगते. ती एकटी राहत नाही. नाशिकच्या घरात आई, वडील, आजी आणि दहावीतला भाऊ आहे. तिचा फोन बहुतेक रात्री हॉलमध्ये फ्रिजवर चार्जिंगला असतो. वडील पहाटे पाचला उठतात, पाणी प्यायला तिथंच जातात. भावाला कुलूप उघडायची खूण पाठ आहे. त्या रात्री फोन तिच्या उशाशी होता हा निव्वळ योगायोग. नसता आणि तू तो मेसेज पहाटेपर्यंत ठेवला असतास, तर तुझी पहिली कबुली तिच्या आधी तिच्या वडिलांनी वाचली असती, आणि मग सकाळपर्यंत तू ती पुसली असतीस तर तिनं न वाचलेल्या वाक्याचा जबाब तिला द्यावा लागला असता. तिचं घर बरं आहे, आरडाओरडा झाला असता आणि मिटलं असतं. माझ्या वर्गात अशा मुली आहेत ज्यांचं कॉलेज एवढ्यावरून बंद झालं असतं. रात्री सव्वाला मेसेज पाठवणारा मुलगा स्वतःच्या खोलीत सुरक्षित असतो. पलीकडचा फोन कुणाच्या हातात आहे हे त्याला माहीत नसतं, आणि विचारायचं त्याच्या मनातही येत नाही. मला सर्वांत जास्त राग याचा आहे.

ती तुझ्यावर रागावलेली नाही, हेही सांगते. पहिल्या दिवशी घाबरली, मग हसली, मग गप्प झाली. तिचं उत्तर काय आहे ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तिनं या पत्रात जी दोन ठिकाणं खोडली त्यांत माझे दोन अंदाज होते.

हे पत्र तू वाचशील, तुमच्या टोळीतलं कुणीतरी तुला पाठवेलच. वाचून झाल्यावर लगेच तिला काही लिहू नकोस. माफीचा लांबलचक मेसेज तर मुळीच नको. तोही ती एकटीच वाचत बसेल. तिला फोन कर, दिवसा कर, आणि भेटायला वेळ माग. तिनं दिली तर नाशकात ये. ‘त्या रात्री ते चुकून गेलं नव्हतं’ हे आधी सांग, मग बाकीचं. तिनं वेळ दिली नाही तर तेच तिचं उत्तर समज आणि पुन्हा विचारू नकोस.

तिची मावशी